उरलेल्या तुकड्याचा हिशेब

कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून २ चा टॅन इनव्हर्स काढला, तर उत्तर येतं १.१०७१. आता हेच उत्तर कॅल्क्युलसच्या पुस्तकात छापलेल्या श्रेणीतून काढू.

arctan x = x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 + …

x च्या जागी २ घाला. पहिलं पद २. दोन पदांची बेरीज उणे ०.६७, तीन पदांची ५.७३, चार पदांची उणे १२.५५, पाच पदांची ४४.३४. जितकी पदं वाढवावीत तितकी बेरीज खऱ्या उत्तरापासून लांब पळते. आता २ ऐवजी १/२ घाला. सात पदांतच ०.४६३६४९ मिळतं, आणि खरं उत्तर आहे ०.४६३६४८. सूत्र तेच आणि गणित करणारा हातही तोच. तरी एके ठिकाणी ते अचूक उत्तर देतं आणि दुसऱ्या ठिकाणी साफ फसतं.

पुस्तकात या सूत्राशेजारी बारीक अक्षरात एक अट असते: x ची किंमत उणे १ ते १ या अंतरालातच असावी. विद्यार्थी ती अट पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. ती कुठून येते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते समजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. शाळेतला भागाकार आणि त्यात उरणारी बाकी एवढ्यावर काम भागतं.

सुरुवात 1/(1+x²) या फलापासून करू. शून्यापासून x पर्यंत या वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजेच x चा टॅन इनव्हर्स. समजा, टॅन इनव्हर्स ही चीज आपल्याला ठाऊकच नाही आणि x, x², x³ अशा साध्या घातांचंच इंटिग्रेशन येतं. मग 1/(1+x²) चे साध्या घातांत तुकडे करायला हवेत. १ ला 1+x² ने भागायला घेतलं, की पहिला भाग १ येतो आणि बाकी उणे x². तिला पुन्हा भागलं की उणे x², बाकी x⁴. असं चार वेळा केलं, की मिळतं:

1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − x⁶ + x⁸/(1+x²)

शेवटचं पद म्हणजे भागाकारात उरलेली बाकी. ही ओळ x च्या प्रत्येक वास्तव किमतीला खरी आहे, मग ती १/२ असो, २ असो की एक हजार. कारण यात अजून अनंत असं काहीच आलेलं नाही. चार पदं आणि एक बाकी, संपला विषय. म्हणून दोन्ही बाजूंचं शून्यापासून x पर्यंत इंटिग्रेशन करायला कुणाची हरकत असू शकत नाही. मोजक्या पदांच्या बेरजेचं इंटिग्रेशन म्हणजे त्या पदांच्या इंटिग्रेशनची बेरीज, हे सगळ्यांना मान्य आहे. ते केलं की पहिल्या चार पदांतून x − x³/3 + x⁵/5 − x⁷/7 मिळतं, आणि बाकीचं इंटिग्रेशन तेवढं उरतं. निश्चित सीमा घेतल्यामुळे स्थिरांकाचा प्रश्नही सुटतो. सीमा न घेता इंटिग्रेशन केलं असतं, तर शून्याचा टॅन इनव्हर्स शून्य हे वापरून तो स्थिरांक शून्य ठरवावा लागला असता. ही पायरी विसरली, की पुढचं सगळं उत्तर एका ठरावीक संख्येने चुकतं.

आता सगळा प्रश्न त्या उरलेल्या तुकड्याचा. त्याचं इंटिग्रेशन नेमकं करता येत नसलं, तरी ते किती मोठं असू शकेल हे सांगता येतं. छेदातला 1+x² हा १ पेक्षा कधीच लहान नसतो, म्हणून x⁸/(1+x²) हे x⁸ पेक्षा मोठं होत नाही. x⁸ चं इंटिग्रेशन x⁹/9. तेव्हा x धन असताना चार पदांनंतरची चूक शून्य आणि x⁹/9 यांच्या मध्येच कुठेतरी असणार. १/२ साठी हे आकडे मांडून पाहू. चार पदांची बेरीज ०.४६३४७ आणि चूक जास्तीत जास्त ०.०००२२. म्हणजे खरं उत्तर ०.४६३४७ आणि ०.४६३६९ यांच्या मध्ये आहे, आणि हे आपण कॅल्क्युलेटरकडे न पाहता छातीठोकपणे सांगू शकतो. आणखी पदं घ्या, ही फट हवी तेवढी अरुंद करता येते. n पदं घेतली, तर चूक x²ⁿ⁺¹/(2n+1) पेक्षा जास्त नसते, आणि x एकपेक्षा लहान असेल तर ही संख्या झपाट्याने शून्याकडे जाते. अनंत पदांचं सूत्र लिहायचा हक्क आपल्याला इथून मिळतो. बाकी शून्याकडे जाते, म्हणून तिच्या जागी तीन टिंबं लिहून मोकळं होता येतं.

x ची किंमत २ असेल तर तीच बाकी मोठी होत जाते. मूळ ओळ तिथेही खरीच आहे. पण चार पदांची बेरीज उणे १२.५५ असताना बाकी १३.६६ आहे, आणि दोन्ही मिळून १.११ होतात. तीन टिंबं लिहिणारा माणूस ही १३.६६ टाकून देतो. गफलत त्या टाकून देण्यात आहे. पदापदाने इंटिग्रेशन करण्याच्या पद्धतीला तिथे दोष देता येत नाही.

इथे चौकस वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती अगदी योग्य आहे. 1/(1+x²) चा आलेख काढला तर तो शून्यापाशी उंच आणि दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाणारा दिसतो. x = 1 पाशी त्याला ना खड्डा पडतो, ना तो आभाळात जातो. मग श्रेणीला नेमकं १ पाशीच का अडावं लागतं? याचं उत्तर वास्तव संख्यांच्या रेषेवर सापडत नाही. x च्या जागी i, म्हणजे उणे १ चं वर्गमूळ, घातलं तर छेद शून्य होतो आणि फल कोसळतं. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर शून्यापासून i चं अंतर आहे १, आणि उणे i चंही १. शून्याभोवती मांडलेली घातश्रेणी शून्य केंद्र असलेल्या वर्तुळातच चालते, आणि ते वर्तुळ फल बिघडतं अशा सर्वांत जवळच्या बिंदूपाशी थांबतं. त्या वर्तुळाची त्रिज्या १, म्हणून रेषेवर आपल्याला उणे १ ते १ एवढाच पट्टा मिळतो. केंद्र हलवलं तर पट्टाही बदलतो. हेच फल x = 1 भोवती मांडलं, तर त्रिज्या १ पासून i पर्यंतच्या अंतराइतकी, म्हणजे २ चं वर्गमूळ, १.४१ होते आणि नवी श्रेणी २.४१ च्या अलीकडेपर्यंत चालते. या नव्या पट्ट्यात २ आरामात बसतो.

इंटिग्रेशनने ही त्रिज्या बदलत नाही. प्रत्येक पदाला 2n+1 सारख्या संख्येने भाग जातो. पण घात वाढताना पदांत जी भूमितीय वाढ किंवा घट होत असते, तिच्यापुढे असल्या भागाकाराचं काही चालत नाही. फरक पडू शकतो तो फक्त पट्ट्याच्या दोन टोकांवर. म्हणूनच टोकं वेगळी तपासावी लागतात, आणि या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

मूळ श्रेणीत x च्या जागी १ घाला: 1 − 1 + 1 − 1 + … बेरीज १, ०, १, ० अशी उड्या मारत राहते, कुठेच स्थिरावत नाही. आता इंटिग्रेशन केलेल्या श्रेणीत १ घाला: 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + … ही स्थिरावते. आपली बाकी इथे जास्तीत जास्त 1/(2n+1), आणि तीही शून्याकडेच जाते. म्हणजे जी मूळ श्रेणी टोकावर मोडते, तिच्यापासून मिळालेली श्रेणी त्याच टोकावर उभी राहते, आणि १ चा टॅन इनव्हर्स, म्हणजे पायचा चौथा भाग, हातात येतो. उलट दिशेने गेलं, इंटिग्रेशन केलेल्या श्रेणीचं पुन्हा विकलन केलं, तर मिळालेलं टोक परत हातचं जातं.

पण टोकावरचं हे यश फार संथ आहे. दहा पदांची बेरीज घेऊन चारने गुणलं तर ३.०४१८ येतं, शंभर पदांनी ३.१३१६, हजार पदांनी ३.१४०६. चूक साधारण १ भागिले पदांची संख्या एवढी राहते. पाच दशांश स्थळं पक्की करायची तर दोन लाख पदं मांडावी लागतील. सूत्र खरं आहे, पण त्यावर हाताने काम करणं अशक्य.

ही अडचण पहिल्यांदा ज्यांच्यापुढे आली ते गणिती केरळातले होते. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने १६७१ साली ही श्रेणी पत्रातून कळवली आणि लायब्निझला ती त्यानंतर थोड्याच वर्षांत सापडली. पण चौदाव्या शतकात जन्मलेल्या संगमग्रामच्या माधवाकडे ती आधीच होती. माधवाचे स्वतःचे या विषयावरचे ग्रंथ आज मिळत नाहीत, शिष्यपरंपरेने त्याच्या नावाने नोंदवलेली सूत्रं मिळतात. त्यांची सविस्तर उपपत्ती ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मल्याळममध्ये लिहिलेल्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात आहे. ती वाचताना मी थक्क होतो, कारण आपण वर केलं तेच त्यात केलेलं आहे. वर्तुळाबाहेर चौरस काढायचा, त्याच्या बाजूचे पुष्कळ समान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यामुळे वर्तुळाचा केवढा कंस कापला जातो ते काढायचं. त्यात 1/(1+x²) च्या रूपाचा भागाकार येतो. तो भागाकार बाकी पुन्हा पुन्हा भागत घातांत पसरायचा आणि मग प्रत्येक घाताची बेरीज वेगवेगळी करायची. १ पासून n पर्यंतच्या संख्यांच्या k व्या घातांची बेरीज, n फार मोठा असताना, nᵏ⁺¹/(k+1) च्या जवळ जाते, हे त्यांनी तिथे वापरलं आहे. घाताचं इंटिग्रेशन ते हेच, आणि ते पदापदाने केलेलं आहे.

अंतरालाची अटही त्यांनी सांगून ठेवली आहे. श्रेणी वापरताना भुजा आणि कोटी, म्हणजे ज्या आणि कोज्या, यांपैकी जी लहान असेल तीच इष्ट धरावी. नाहीतर कितीही वेळा गणित केलं तरी मिळणाऱ्या फळांना अंत येणार नाही, असं त्या परंपरेतल्या संस्कृत श्लोकात बजावलेलं आहे. लहान भागिले मोठी म्हणजे x एकपेक्षा मोठा नाही. आपल्या पुस्तकातल्या बारीक अक्षरातल्या अटीचा हा पूर्वज, आणि त्याला कारणही जोडलेलं आहे.

टोकावरच्या संथपणावर त्यांनी दोन उपाय काढले, आणि दोन्ही उपाय बाकीकडे नीट पाहण्यातून येतात. पहिला असा, की बाकी टाकून न देता तिचा अंदाज घेऊन ती बेरजेत मिळवायची. n पदांनंतर n/(4n²+1) एवढी दुरुस्ती, पुढच्या पदाच्या चिन्हासह, जोडायची. दहा पदांची बेरीज ०.७६०४६० आहे. दुरुस्ती १० भागिले ४०१, म्हणजे ०.०२४९३८. दोन्ही मिळवून चारने गुणलं तर ३.१४१५९०. जे काम दोन लाख पदांचं होतं, ते दहा पदांत आणि एका भागाकारात उरकलं.

दुसरा उपाय म्हणजे टोकापासून आत सरकणं. तीस अंशाच्या कोनाचा टॅन्जंट १ भागिले ३ चं वर्गमूळ, साधारण ०.५७७. तो घेतला की

π = √12 (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + …)

इथे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही लहान असतं. दहाच पदांत ३.१४१५९१ मिळतं, तेही दुरुस्तीशिवाय. माधवाच्या नावावर पायची जी किंमत आहे, ती व्यास ९ वर अकरा शून्ये असलेल्या वर्तुळाच्या परिघाच्या रूपात दिली आहे: २८२७४३३३८८२३३. भागाकार करून पाहा, ३.१४१५९२६५३५९ येतं. अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर.

आतापर्यंत आपलं काम सोपं झालं, कारण बाकी डोळ्यांसमोर होती. ती समोर नसताना अनंत पदांचं पदापदाने इंटिग्रेशन करणं धोक्याचं असू शकतं, हे एका छोट्या उदाहरणातून पटेल. ही पदं घ्या: 1, 2x−1, 3x²−2x, 4x³−3x², … आणि शून्यापासून १ पर्यंत प्रत्येकाचं इंटिग्रेशन करा. पहिल्याचं १, दुसऱ्याचं शून्य, तिसऱ्याचं शून्य, पुढे सगळ्यांचं शून्य. एकूण १. आता आधी बेरीज करू. दोन पदांची बेरीज 2x, तीन पदांची 3x², चार पदांची 4x³. x एकपेक्षा जराही लहान असेल, तर घात वाढत जाताना ही बेरीज शून्याकडे जाते. म्हणजे सगळ्यांची बेरीज शून्य, आणि शून्याचं इंटिग्रेशनही शून्य. एका वाटेने उत्तर १ येतं आणि दुसऱ्या वाटेने शून्य. प्रत्येक ठरावीक x पाशी बाकी शेवटी मिटते हे खरं, पण १ च्या जवळ ती n पदांच्या वेळी n एवढी उंच असते. ती उंची कधी कमी होत नाही, फक्त टोकाकडे सरकत राहते, आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ कायम १ राहतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठमोठे गणिती या फरकाकडे लक्ष देत नव्हते. १८२१ साली कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात सलग फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सलगच असते असं सरसकट विधान केलं, आणि १८२६ मध्ये नॉर्वेच्या तरुण नील्स आबेलने त्याला अपवाद दाखवले. याच लेखात आबेलने घातश्रेणीला पक्का आधारही दिला. घातश्रेणीत वरच्या उदाहरणासारखा दगा का होत नाही? पट्ट्याच्या आत जराशी जागा सोडून थांबलं, समजा उणे ०.९ ते ०.९, तर आपल्या उदाहरणात तिथली प्रत्येक बाकी ०.९ च्या घातांखाली सगळीकडे एकदम दबते. तिला एका कोपऱ्यात उंच राहायला वावच नसतो. त्यामुळे टोकांच्या आत कुठेही पदापदाने इंटिग्रेशन नि:शंक करावं. आणि टोकाबद्दल आबेलचा निष्कर्ष असा, की इंटिग्रेशन केलेली श्रेणी टोकावर स्थिरावत असेल, तर ती आतून येणाऱ्या योग्य किमतीवरच स्थिरावते. तेव्हा टोकावर तपासायची गोष्ट एकच: मिळालेली श्रेणी तिथे स्थिरावते का.

पट्ट्याबाहेर काम अडलं, तर फलाचेच गुण वापरावेत. टॅन इनव्हर्सबाबत धन x साठी arctan x = π/2 − arctan(1/x) हे नातं आहे. म्हणून २ चा टॅन इनव्हर्स हवा असेल तर १/२ चा काढा. १.५७०७९६ मधून ०.४६३६४८ वजा केले की १.१०७१४८, सुरुवातीला कॅल्क्युलेटरने दिलेलं तेच उत्तर.

एक सावधगिरी मात्र पट्टा अनंत असला तरी ठेवावी लागते. संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रामागचं e⁻ˣ² हे फल घ्या. त्याचं इंटिग्रेशन नेहमीच्या फलांत लिहिता येत नाही, म्हणून श्रेणीला पर्याय नाही, आणि ती श्रेणी x च्या प्रत्येक किमतीला खरी आहे. शून्यापासून १ पर्यंत ती सुरेख चालते. पण शून्यापासून ५ पर्यंत इंटिग्रेशन करायला गेलं, तर मधली पदं ५८ कोटींपर्यंत चढतात, आलटून पालटून अधिक-उणे, आणि त्यांच्या वजाबाकीतून ०.८८६ हे उत्तर निघायचं असतं. एकूण दहा आकडे सांभाळणाऱ्या कॅल्क्युलेटरला ५८ कोटींच्या पुढे दशांशातला जेमतेम एक आकडा ठेवता येतो. उत्तर त्या गोळाबेरजेतच हरवतं. श्रेणी कुठे खरी आहे आणि कुठे उपयोगी आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर केंद्राच्या जवळ शोधावं.

वाचकांनी एक उदाहरण स्वतः करून पाहावं. 1/(1+x³) चं शून्यापासून १ पर्यंत इंटिग्रेशन. भागाकार करा, पदापदाने इंटिग्रेशन करा, १ घाला: 1 − 1/4 + 1/7 − 1/10 + … ही श्रेणी स्थिरावते आणि तिची बेरीज आहे ०.८३५६. मग डाव्या टोकाला उणे १ घालून पाहा. तिथे सगळी पदं एकाच चिन्हाची होतात, आणि बेरीज कधीच थांबत नाही.